सहा टक्के, आठ टक्के आणि खताची गोणी

२०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ केला आणि तेव्हापासून एक हिशेब मोबाइलवर सारखा फिरतो आहे. दोन कोटींची उलाढाल असलेल्या दुकानदाराने सगळे पैसे यूपीआयने किंवा चेकने घेतले तर त्याचा नफा सहा टक्के, म्हणजे बारा लाख धरला जातो आणि आयकर शून्य येतो. हिशेब बरोबर आहे. नोकरदार तो चिडून एकमेकांना पाठवतात आणि विचारतात, आमचा पगार पै-पैसह सरकारला कळतो, मग यांना ही मोकळीक का? व्यापारी संघटनांच्या बैठकीत नेमके उलटे ऐकू येते. सहा टक्के नफा आजकाल उरतो कुठे, दर चारवर आणा, अशी मागणी होते. मी एकोणीस वर्षे तालुक्याच्या गावात छोट्या व्यापाऱ्यांचे रिटर्न भरतो. दोन्ही बाजूंचे लोक माझ्या टेबलासमोर बसतात, आणि दोघेही चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत असे माझे ठाम मत आहे. दर सहा असावा की चार, हे नंतर पाहता येईल. आधी हे ठरायला हवे की दर कशावरून ठरवायचा. दुकानदाराचा नफा तो काय विकतो यावर ठरतो. गिऱ्हाइकाने नोट दिली की क्यूआर कोड स्कॅन केला, यावर तो ठरत नाही. म्हणून रोख आणि डिजिटल यांतला दराचा फरक काढून टाकावा आणि त्याच्या जागी धंद्याच्या प्रकारानुसार दर आणावेत, असे मी म्हणतो.

ज्यांचा या कलमाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी तरतूद थोडक्यात सांगतो. आयकर कायद्याचे कलम ४४ एडी म्हणते की उलाढाल दोन कोटींपर्यंत असलेल्या व्यक्तीने, एकत्र कुटुंबाने किंवा भागीदारी पेढीने खर्चाचा हिशेब न दाखवता उलाढालीच्या आठ टक्के नफा दाखवला तर चालेल. हाच गृहीत नफा. त्याला कलमापुरत्या जमाखर्चाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत आणि ऑडिटही लागत नाही. जी रक्कम बँकेमार्फत किंवा यूपीआय, कार्ड यांसारख्या मार्गाने आली असेल तिच्यावर आठऐवजी सहा टक्के. रोखीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असेल तर उलाढालीची मर्यादा तीन कोटी. एक बारकावा बहुतेकांना ठाऊक नसतो. सहा टक्क्यांसाठी पैसे वर्षाच्या आत किंवा फार तर रिटर्न भरण्याच्या मुदतीच्या आत डिजिटल मार्गाने यावे लागतात. तोवर न आलेली उधारी आठ टक्क्यांत जाते. आणि गिऱ्हाइकाने दिलेली रोकड दुकानदाराने दुसऱ्या दिवशी स्वतः बँकेत भरली, तरी ती रोखच राहते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, चौकट तीच राहिली.

हे आठ टक्के आले कुठून? याचे उत्तर ऐकून बरेच व्यापारी चकित होतात. १९९४ मध्ये कलम ४४ एडी पहिल्यांदा आले ते फक्त बांधकामाचे ठेके घेणाऱ्यांसाठी. चाळीस लाखांपर्यंतची कामे करणाऱ्या ठेकेदाराचा नफा आठ टक्के धरावा, असे ठरले. किरकोळ दुकानदार त्यात नव्हताच. त्याच्यासाठी १९९७ मध्ये वेगळे कलम आले, ४४ एएफ, आणि त्याचा दर पाच टक्के होता. म्हणजे ठेकेदार आणि दुकानदार यांचे नफे सारखे नसतात, हे आपल्या कायद्याने एकदा मान्य केलेले होते. २००९ च्या अर्थसंकल्पात सुटसुटीतपणासाठी दोन्ही कलमे एक केली गेली आणि ठेकेदाराचा आठ टक्के दर कापडवाला, किराणावाला, खतवाला अशा सगळ्यांना लागू झाला. ज्या दुकानदाराचा नफा काल पाच टक्के धरला जात होता, त्याचा तोच नफा नव्या नियमात आठ टक्के झाला. दुकान तेच, माल तोच, भाव तेच. पुढे नोटाबंदीनंतर, १९ डिसेंबर २०१६ च्या घोषणेने, डिजिटल रकमेसाठी सहा टक्के आले आणि ते त्या पूर्ण आर्थिक वर्षाला लागू झाले. म्हणजे आज आपण ज्या सहा आणि आठ आकड्यांवर भांडतो त्यांतला एक बांधकामावरून उचललेला आहे आणि दुसरा चलनटंचाईच्या दिवसांत काढलेला. दुकानाच्या गल्ल्यात काय उरते, याचा विचार दोन्हींत नाही.

आता एक दुकान घेऊ. माझ्याकडे येणाऱ्या दोन-तीन कृषी सेवा केंद्रांचे आकडे गोल करून हे उदाहरण मांडतो आहे. उलाढाल एक कोटी नव्वद लाख. विक्रीत मोठा वाटा खतांचा, थोडा बियाण्यांचा, थोडा औषधांचा. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकायची, हे सरकारने ठरवून दिलेले आहे. दुकानदाराला भाव वाढवता येत नाही. युरियाच्या वितरणाचे कमिशन टनाला ३५४ रुपये, म्हणजे गोणीमागे साधारण सोळा रुपये. सगळे कमिशन एकट्या किरकोळ विक्रेत्याच्या हाती पडले असे धरले तरी ते किमतीच्या सहा टक्क्यांच्या आसपास येते. आणि त्यातून अजून दुकानाचे भाडे जायचे आहे, पोऱ्याचा पगार जायचा आहे, वीज, फाटलेल्या गोण्या आणि बँकेच्या सीसी कर्जाचे व्याज जायचे आहे. औषधांत आणि बियाण्यांत थोडे जास्त सुटते, म्हणून वर्षाअखेरीस सगळे मिळून तीन टक्के, म्हणजे पाच लाख सत्तर हजार उरतात. दुसरे कसलेही उत्पन्न नाही असे धरू. खऱ्या नफ्यावर रिटर्न भरला तर बारा लाखांच्या सवलतीमुळे त्याचा कर शून्य आहे.

गृहीत नफ्याच्या वाटेने गेल्यावर काय होते ते पाहा. गेल्या वर्षभरात एक कोटी तेहेतीस लाख यूपीआय, चेक आणि बँकेने आले. तीस लाख रोख आले, कारण आठवडी बाजाराला भाजी विकून आलेला शेतकरी खिशातल्या नोटाच देतो. उरलेले सत्तावीस लाख उधारीत. साखर कारखान्याने उसाचे बिल दिले की लोक खाते चुकते करतात, आणि ते बिल काही रिटर्नची तारीख पाहून निघत नाही. आता एक कोटी तेहेतीस लाखांवर सहा टक्के, म्हणजे सात लाख अठ्ठ्याण्णव हजार. रोख आणि उधारीचे मिळून सत्तावन्न लाख, त्यावर आठ टक्के, म्हणजे चार लाख छप्पन्न हजार. गृहीत नफा झाला बारा लाख चोपन्न हजार. बारा लाखांच्या किंचित वर असणाऱ्यांना कायदा थोडा दिलासा देतो, कर वरच्या रकमेपेक्षा जास्त होऊ देत नाही. तरी चोपन्न हजार आणि उपकर धरून ५६,१६० रुपये भरावे लागतात. आता समजा कारखान्याने बिल वेळेवर काढले आणि तेच सत्तावीस लाख मुदतीच्या आत शेतकऱ्यांच्या खात्यांतून दुकानाच्या खात्यात आले. गृहीत नफा बरोबर बारा लाख होतो आणि कर शून्य. दुकानदाराने यात काय वेगळे केले? काहीही नाही. त्याच्या नफ्यात एका पैशाचा फरक पडलेला नाही. त्याच्यावरचा कर ठरवला तो कारखान्याच्या लेखा विभागाने.

या टप्प्यावर गल्ल्यात आलेल्या प्रत्येक शंभर रुपयांच्या रोखीमागे त्याला दोन रुपये जास्त कर बसतो. शंभर रुपयांत त्याला सुटतात तीन. सगळी विक्री रोखीची असती तर गृहीत नफा पंधरा लाख वीस हजार आणि कर एक लाख बारा हजार तीनशे वीस, म्हणजे खऱ्या कमाईचा जवळपास पाचवा हिस्सा. शिवाय हा कर आगाऊ भरायचा असतो, पंधरा मार्चपर्यंत. उधारी सहा टक्क्यांत पडणार की आठ टक्क्यांत, हे त्या दिवशी कोणालाच माहीत नसते. अंदाज चुकला तर व्याज. हेच दुकान दोन भावांच्या भागीदारी पेढीच्या नावे असेल तर गोष्ट आणखी बिघडते. पेढीला बारा लाखांची सवलत नाही, कर सरसकट तीस टक्के आणि वर उपकर. सगळे पैसे डिजिटल आले तरी अकरा लाख चाळीस हजारांच्या गृहीत नफ्यावर साडेतीन लाखांहून जास्त कर होतो. कमाई पाच लाख सत्तर हजार. भागीदारांचा पगार २०१६ पासून या कलमाखाली वेगळा वजाही होत नाही. अशा पेढ्या या कलमाकडे फिरकतच नाहीत.

त्याच रस्त्यावर साड्यांचे आणि तयार कपड्यांचे दुकान आहे. उलाढाल दीड कोटी, आणि लग्नसराईच्या जोरावर खर्च वजा जाता पंधरा टक्के, म्हणजे साडेबावीस लाख सुटतात. सगळे पैसे डिजिटल आले तर गृहीत नफा नऊ लाख, सगळे रोख आले तर बरोबर बारा लाख. दोन्ही वेळा कर शून्य. खऱ्या नफ्यावर त्याचा कर दोन लाख त्र्याहत्तर हजार झाला असता. कायद्याचे शब्द पाहिले तर नफा गृहीत आकड्याहून जास्त असेल तर तो जास्तीचाच दाखवायला हवा. पण वह्या ठेवायच्या नाहीत, तर जास्त आहे हे दाखवणार कोण आणि शोधणार कसे? म्हणून सहा किंवा आठ टक्के हा किमान आकडा व्यवहारात कमाल आकडा होऊन बसतो. नोकरदारांच्या रागाला इथे खरा आधार आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. फक्त त्यांचा राग सगळ्या दुकानदारांवर निघतो आणि खतवाल्यालाही साडीवाल्याच्या रांगेत उभे करतो. एकाच नियमाने साडेबावीस लाख कमावणाऱ्याला सोडले आणि पावणेसहा लाखांच्या आत कमावणाऱ्याकडून छप्पन्न हजार घेतले. आता व्यापारी संघटनेची मागणी मान्य करून सरसकट चार टक्के केले, तर खतवाल्याचे ओझे हलके होईल हे खरे. पण साडीवाल्याची सूट आणखी मोठी होईल. आणि नोकरदारांचे ऐकून सरसकट दहा टक्के केले तर खतवाला बुडेल. एकाच आकड्याने दोघांना न्याय देता येत नाही, मग आकड्यावर भांडून काय मिळणार?

सहा-आठच्या फरकाच्या बाजूने जो सर्वांत वजनदार मुद्दा आहे, तो दराचा नाहीच, तो माग राहण्याचा आहे. रोखीची विक्री दडवता येते, बँकेतून आलेली दडवता येत नाही. मग जो स्वतःहून उघड्यावर आला त्याला थोडी सूट द्यायला काय हरकत आहे? दोन कोटींवर सहा टक्के हे लपवून दाखवलेल्या एक कोटीवरच्या आठ टक्क्यांपेक्षा सरकारच्याही फायद्याचे. शिवाय डिसेंबर २०१६ मध्ये व्यापाऱ्यांच्या मनात खरी भीती होती की खात्यात दिसलेली उलाढाल उद्या नोटीस होऊन येईल. त्या वेळी सरकारने दर कमी करून दिलेला शब्द उपयोगी पडला. माझ्याकडच्या चार दुकानदारांनी त्याच महिन्यात पहिल्यांदा स्वाइप मशीन घेतले. हे मी नाकारणार नाही.

पण आज या मुद्द्यात किती जोर उरला आहे? बारा लाखांपर्यंत करच नाही, तेव्हा दुसरे उत्पन्न नसलेल्या दुकानदाराची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर आठ टक्क्यांनीही कर शून्यच येतो. त्याला डिजिटल घेऊन आयकरात मिळते काय? काहीच नाही. ज्याला खरोखर छोटा म्हणावे अशा दुकानदारापर्यंत ही सवलत आता पोहोचतच नाही. ती उरली आहे दीड ते दोन कोटींच्या पट्ट्यात, आणि रोखीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असलेल्या तीन कोटींपर्यंतच्यांसाठी. दुसरीकडे यूपीआय पसरले ते कशाने? पाणीपुरीच्या गाड्यावर, रिक्षात, भाजीच्या पाटीवर क्यूआर कोड लागला तेव्हा त्यांतल्या कुणाचा आयकराशी संबंध होता? सुटे पैसे शोधावे लागत नाहीत, जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, गिऱ्हाईक मोबाइल पुढे करते, म्हणून ते पसरले. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक यूपीआय व्यवहार झाले. एवढा प्रवाह दोन टक्क्यांच्या सवलतीने वाहत नाही, आणि ती काढल्याने आटणारही नाही.

दुकानदार डिजिटलपासून दूर पळतो तेव्हा त्याच्या डोक्यात आयकर नसतो, जीएसटी असतो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या कर विभागाने यूपीआयच्या नोंदींवरून हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या आणि बंगळुरूत बघता बघता ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ असे कागद दुकानांवर चिकटले. त्या विक्रेत्यांनाही आयकरातली सहा टक्क्यांची सवलत खुली होती. तिने एकाचाही हात थांबवला नाही. ज्या भीतीवर उपाय म्हणून सवलत ठेवली आहे ती भीती दुसऱ्याच कायद्यातून येते.

माझा खरा आक्षेप याहून खोल आहे. पैशाचा माग राहिला म्हणजे तपासणीची गरज कमी होते, एवढेच त्यातून सिद्ध होते. नफा कमी होतो हे सिद्ध होत नाही. म्हणून डिजिटल व्यवहारांना मोबदला द्यायचाच तर तो तपासणीच्या बाजूने द्यावा, आणि आपला कायदा ते दुसऱ्या जागी व्यवस्थित करतो. येणी आणि देणी दोन्हींत रोख पाच टक्क्यांच्या आत असेल तर सक्तीच्या ऑडिटची मर्यादा एक कोटीवरून दहा कोटींवर जाते. गृहीत नफ्याची मर्यादा दोनवरून तीन कोटींवर जाते. या दोन्ही तरतुदींत तर्क सरळ आहे: नोंदी बँकेतच आहेत, तर वेगळा पहारा कशाला? पण नफ्याच्या दरातच फरक केला की कायदा असे म्हणतो की समोरासमोरच्या दोन दुकानांत एकाच भावाने विकलेल्या एकाच गोणीवर, रोख घेणाऱ्याला आठ टक्के सुटले आणि मोबाइलवर घेणाऱ्याला सहा. हे खरे नाही हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. वरचे दोन टक्के म्हणजे रोखीबद्दलचा दंड आहे. दंड करायचा असेल तर दंड म्हणून करा. आणि तो कुणाला बसतो हेही पाहा: नोटा देतो तो शेतकरी, भरतो तो दुकानदार.

‘एवढा त्रास आहे तर गृहीत नफा घेऊ नका, खरा हिशेब दाखवा,’ असे काही जण म्हणतात. म्हणणे कायद्याला धरून आहे. कलम ऐच्छिक आहे. आमच्या खतवाल्याने खरा नफा दाखवायचा ठरवले तर काय होईल? उलाढाल एक कोटीच्या वर आणि रोख पाच टक्क्यांहून जास्त, म्हणून ऑडिट आले. शिवाय तो आधीच्या वर्षी या कलमाखाली असेल तर २०१६ मध्ये आलेली अट लागते: पुढच्या पाच वर्षांत एकदा जरी कमी नफा दाखवून बाहेर पडला, तर त्यानंतर पाच वर्षे या कलमात परत यायचे नाही. ज्या वर्षी पाऊस हुकला, उधारी बुडाली, त्याच वर्षी त्याला खरा नफा दाखवावासा वाटणार. त्या एका वर्षाची किंमत तो पाच वर्षे मोजतो. दरवर्षी सोय पाहून आत-बाहेर करणाऱ्यांना आळा बसावा हा अटीमागचा हेतू मला समजतो. पण दुष्काळाच्या वर्षी बाहेर पडणारा आणि फायदा पाहून बाहेर पडणारा यांत अट फरक करत नाही. त्यामुळे माझ्याकडचे बहुतेक जण दात-ओठ खाऊन गृहीत नफ्यावरचाच कर भरतात.

धंद्यानुसार दर ही काही नवी कल्पना नाही. आपल्याच मातीत तिची परीक्षा झालेली आहे. इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात शेतसारा ठरवायला घेतला तेव्हा प्रिंगल या अधिकाऱ्याने प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे ठरवले. पीक किती, मशागतीचा खर्च किती, त्यातून उरलेल्याचे पंचावन्न टक्के सरकारचे. कागदावर ही पद्धत अगदी न्यायाची होती. प्रत्यक्षात हिशेब चुकले, सारा जड झाला आणि रयतेने जमिनी पडीक टाकल्या. मग १८३६ पासून इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी वेगळी वाट धरली. प्रत्येक शेताचे उत्पन्न काढण्याचा नाद सोडला आणि मातीचा रंग, पोत, खोली पाहून जमिनींचे नऊ वर्ग केले, वर्गाची प्रत आण्यांत लावली आणि सारा तीस वर्षांसाठी ठरवून टाकला. गृहीत नफ्यावरचा कर म्हणजे दुसरे काय होते ते? खरे उत्पन्न मोजायचे नाही, अंदाज बांधायचा, पण तो अंदाज जमिनीची प्रत पाहून. काळ्या कसदार जमिनीला आणि बरड माळाला एकच दर लावायचा, असे त्यांच्या डोक्यातही आले नसते. ती पद्धत निर्दोष नव्हती. तीस वर्षांनी फेरआकारणी झाली तेव्हा सारा बराच वाढवला गेला आणि दख्खनच्या शेतकऱ्यांच्या असंतोषात त्याची भर पडली. पण चूक झाली ती वाढीत, वर्गवारीत नव्हे. आज आपण व्यापाराच्या बाबतीत काय करतो? सगळ्या जमिनी एकाच दरात मोजतो, आणि सारा सुट्या नाण्यांत भरला तर जास्त घेतो.

वर्ग पाडले की वाद वाढतील, ही शंका रास्त आहे. दुकानात खतही आहे, औषधही आहे आणि पाइपही आहेत, तर दर कोणता? अधिकारी म्हणेल हा वरचा वर्ग, व्यापारी म्हणेल खालचा. २००९ मध्ये सुटसुटीतपणासाठी वेगळे दर एकत्र केले गेले, आणि तेव्हा त्यात तथ्य होते, कारण दुकानात काय विकले हे सांगणारा कागदच नव्हता. आता आहे. जीएसटीत नोंदलेल्या व्यापाऱ्याची खरेदी पुरवठादाराच्या बिलांवरून सरकारच्या संगणकात आधीच असते, आणि मोठ्या पुरवठादाराच्या ई-बिलावर वस्तूंचा कोडही असतो. अनुदानाच्या खताची विक्री तर दुकानातल्या पॉस मशीनवर शेतकऱ्याच्या आधारसह गोणी-गोणी नोंदली जाते. गृहीत नफ्याच्या रिटर्नमध्येही धंद्याचा कोड आजच भरावा लागतो. तो कोड मागतो आपण, पण त्याचा दराशी संबंध जोडत नाही. आणि वर्गवारी आपल्या आयकराला परकी आहे असेही नाही. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्यासाठी निम्मी मिळकत नफा धरणारे वेगळे कलम आहे. मालट्रकसाठी तर गाडीचे वजन पाहून महिन्याला ठरावीक रक्कम धरतात. फ्रान्समध्ये छोट्या व्यावसायिकाला माल विकल्यास विक्रीतून एकाहत्तर टक्के वजावट मिळते, सेवा दिल्यास पन्नास. इटलीत धंद्याच्या कोडनुसार नफ्याचे प्रमाण ठरते. नऊ वर्ग कशाला, तीन पुरेत. ज्यांची किंमत सरकारने किंवा बाजाराने घट्ट बांधली आहे असा माल, खत, धान्य, साखर, खाद्यतेल, मोबाइल रिचार्ज यांसारखा, त्याला दोन-अडीच टक्के. किराणा आणि हार्डवेअर यांसारख्या मधल्या धंद्यांना पाच. कापड, दागिने, सौंदर्यप्रसाधने, फर्निचर यांना दहा. मिश्र दुकानात खरेदीच्या बिलांच्या प्रमाणात. आकडे मी माझ्या अनुभवातून सुचवतो आहे. सरकारकडे जीएसटीची खरेदी-विक्री जोडून पाहण्याची सोय आहे, त्यावरून ते अधिक नेमके काढता येतील आणि दर पाच वर्षांनी तपासता येतील. पाच वर्षांची बंदी मात्र जावी. तिच्याऐवजी बाहेर पडणाऱ्याने त्या वर्षाच्या वह्या दाखवाव्यात, एवढे पुरे.

व्यापारी संघटनांना हे आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. या दरांनी वरच्या उदाहरणातल्या साडीवाल्याचा गृहीत नफा पंधरा लाख होईल आणि त्याला एक लाख नऊ हजार दोनशे रुपये कर भरावा लागेल. आज तो शून्य भरतो. तोही माझ्याकडेच येतो, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितले आहे. त्याचे म्हणणे होते की त्याच्या धंद्यात माल पडून राहतो, फॅशन बदलली की निम्म्या किमतीत काढावा लागतो. ते खरे आहे, म्हणूनच पंधरा सुटणाऱ्याला मी दहा म्हणतो. पण माल पडून राहण्याची जोखीम खतवाल्यालाही असते. पाऊस लांबला की बियाण्याची मुदत संपते, आणि त्याला भाव वाढवून ते भरून काढता येत नाही.

या फेब्रुवारीत खतवाल्याने उधारीच्या याद्या काढल्या आणि शेतकऱ्यांना फोन लावायला सुरुवात केली. पूर्वी तो ‘पैसे द्या’ एवढेच म्हणायचा. आता ‘रोख नको, मुलाच्या मोबाइलवरून टाका’ असे सांगतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने कांद्याचे चाळीस हजार नोटांत आणून दिले तेव्हा त्याने ते घेतले, आणि त्याच संध्याकाळी माझ्याकडे येऊन विचारले, आता यावर आठशे रुपये जास्त गेले का? बारा लाखांच्या वरच्या त्या पट्ट्यात असशील तर गेले, आणि वर उपकर, असे मला सांगावे लागले. त्या चाळीस हजारांत त्याला सुटले होते बाराशे.